सावनेरच्या वाटेवरचं झाड

18 डिसेंबर 1960, रविवार. महाराष्ट्र राज्य होऊन साडेसात महिने झाले होते. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार सावनेरपासून चारेक मैलांवर रस्त्याकडेच्या झाडावर आदळली आणि आत बसलेल्यांपैकी एकही जण वाचला नाही. मोटार रणजित जिनिंग अँड प्रेसिंग या कंपनीची होती आणि ती चालवत होता कंपनीचाच मॅनेजर. सोबत बसलेले उदेशी नावाचे गृहस्थ गेले आणि त्यांच्या मागे पत्नी पुष्पाबाई आणि मुलं उरली. अपघात बघितलेला, पुढे कोर्टात उभा राहून ‘असं असं झालं’ म्हणून सांगू शकेल असा माणूस नव्हता. गाडी बघितलेले, झाड बघितलेले मात्र होते.

तिथून सुरू झालेला दावा सोळा वर्षांनी, मार्च 1977 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात संपला. कायद्याच्या विद्यार्थ्याला तो ‘पुष्पाबाई पुरुषोत्तम उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग’ या नावाने भेटतो. बहुतेकांना तो गाइडमध्ये ‘रेस इप्सा लोक्विटर’च्या खाली कंसातल्या एका नावाएवढाच भेटतो, ही गोष्ट वेगळी.

गोंदियात टॉर्टच्या पेपरची तयारी करणारी मुलं मॅक्झिमची फ्लॅशकार्डं करतात. पुढच्या बाजूला लॅटिन वचन, मागे साधा अर्थ आणि त्याखाली एका ओळीचं उदाहरण. पद्धत चांगली आहे. अडचण त्या शेवटच्या ओळीत असते. तिथे लिव्हरपूलचं पिंप येतं, लंडनच्या गोदीतली साखर येते, आणि ज्याने ती कधी बघितली नाहीत त्याला ती पाठ करावी लागतात. पाठ केलेलं उदाहरण प्रश्नाने थोडी बगल दिली की कामाला येत नाही. त्यापेक्षा सावनेरचा एकच खटला नीट समजून घेतला तर पाच कार्डं त्यातून निघतात. ती कोणत्या क्रमाने निघतात हेही शिकण्यासारखं आहे, कारण पुष्पाबाईंच्या वकिलाला त्याच क्रमाने एकेक अडसर दूर करावा लागला असता.

पहिला अडसर मृत्यूचाच. जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस जखमी झाला तर त्याला भरपाई मागता येई. मेला तर दावाही त्याच्याबरोबर संपे. 1808 साली लंडनच्या कोर्टात बेकर नावाच्या माणसाचा खटला चालला. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली होती, बेकर स्वतः खरचटला होता आणि त्याची बायको महिन्याभराने वारली होती. न्यायमूर्ती एलनबरो यांनी ज्यूरीला बजावलं की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात तक्रार करण्याजोगी हानीच नव्हे. बायको जिवंत होती तेवढ्या दिवसांपुरतंच काय ते बघा. बेकरला शंभर पौंड मिळाले. म्हणजे निष्काळजी माणसाला समोरचा जगण्यापेक्षा मेलेला परवडत होता. रेल्वे आल्यावर हा प्रकार झाकून ठेवण्यासारखा राहिला नाही. इंग्लंडने 1846 मध्ये कायदा करून मृताच्या कुटुंबाला हक्क दिला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 मध्ये धावली आणि दोनच वर्षांनी, 1855 मध्ये, प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. पुढे मोटारींसाठी 1939 च्या मोटार वाहन कायद्यात 1956 ची दुरुस्ती होऊन वेगळी न्यायाधिकरणं नेमण्याची सोय झाली आणि वारसांना दिवाणी दाव्याऐवजी तिथे अर्ज करता येऊ लागला. पुष्पाबाईंचा अर्ज याच वाटेने गेला.

कार्ड असं होईल:

*अ‍ॅक्शिओ पर्सनॅलिस मॉरिटर कम पर्सोना. व्यक्तिगत स्वरूपाचा दावा व्यक्तीबरोबर मरतो. उदाहरण: अब्रुनुकसानीचा दावा चालू असताना फिर्यादी वारला तर वारसांना तो पुढे चालवता येत नाही, पण गाडीखाली माणूस मेला तर कायद्यानेच वारसांना हक्क दिला आहे.*

या वचनाचं कार्ड करताना अपवाद त्याच ओळीत लिहावा असं मला ठामपणे वाटतं. आज या वचनाचं जिवंत क्षेत्र फार थोडं उरलं आहे. नुसतं वचन पाठ केलेला विद्यार्थी अपघाताच्या प्रश्नात ‘दावा संपला’ असं लिहून मोकळा होतो आणि उत्तर उलटं होतं.

दुसरा अडसर पुराव्याचा. जो म्हणतो, त्याने सिद्ध करावं. हे तत्त्व इतकं साधं आहे की त्याला लॅटिनची गरज पडू नये, पण पेपरात ते लॅटिनमध्येच येतं:

*एई इन्कम्बिट प्रोबाशिओ क्वी डिसिट, नॉन क्वी नेगाट. सिद्ध करण्याचा भार होय म्हणणाऱ्यावर, नाही म्हणणाऱ्यावर नव्हे. उदाहरण: मी तुला पन्नास हजार उसने दिले असं म्हणणाऱ्याने ते दिल्याचं दाखवायचं, ‘घेतले नाहीत’ हे समोरच्याने आधी दाखवायचं नाही.*

सावनेरच्या खटल्यात हा भार पुष्पाबाईंवर होता. मॅनेजरने गाडी निष्काळजीपणे हाकली हे त्यांनी दाखवायचं. आणि दाखवणार कसं? त्या गाडीत नव्हत्या आणि आतले सगळे गेलेले. त्याच वर्षी, 1977 च्या जानेवारीत, मुंबईच्या एका अपघाताच्या खटल्यात (मिनू मेहता) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगून टाकलं होतं की निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. पुष्पाबाईंच्या निकालाच्या अगोदर जेमतेम दोन महिने.

इथे तिसरं कार्ड येतं आणि मुळात हा लेख त्याच्यासाठी आहे.

वचनाची कुळकथा रोमपर्यंत जाते. इसवी सनापूर्वी 52 साली मिलो नावाच्या पुढाऱ्यावर क्लोडियसच्या खुनाचा खटला चालला. मारामारी झाली होती अ‍ॅपियन रस्त्यावर. पुन्हा एक रस्ताच. सिसेरोने मिलोची बाजू घेतली आणि लेखी भाषणात म्हटलं की कोण कुणावर टपून बसला होता हे प्रसंगच बोलतो आहे. मिलो हरला आणि हद्दपार होऊन मार्सेला गेला. वचनाची सुरुवात अशी पराभवाने झाली, हे गाइडवाले सांगत नाहीत.

इंग्रजी निवाड्यांत ते घट्ट बसलं 1863 मध्ये. लिव्हरपूलच्या रस्त्याने बर्न नावाचा माणूस जात होता. बोडल नावाच्या पीठव्यापाऱ्याच्या दुकानावरून पिठाचं पिंप खाली आलं आणि त्याच्यावर पडलं. बर्नला पुढचं काही आठवेना. साक्षीदारांनी पिंप पडताना बघितलं, पण वर काय चुकलं ते कुणी बघितलं नव्हतं. खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला. वरच्या कोर्टात मुख्य न्यायमूर्ती पोलॉक यांनी युक्तिवादाच्या ओघात हे लॅटिन वचन उच्चारलं आणि निकालात विचारलं की, वखारीतून पिंप काही कुणाच्या हयगयीशिवाय घरंगळत येईल काय? त्या माणसाने वखारीतले साक्षीदार आणून सिद्ध करायचं असा नियम केला तर तो हास्यास्पद होईल. बर्नला पन्नास पौंड मिळाले. दोन वर्षांनी लंडनच्या गोदीत एका कस्टम अधिकाऱ्यावर साखरेची सहा पोती पडली, तेव्हा न्यायमूर्ती अर्ल यांनी याला दोन अटींत बांधलं: ज्या वस्तूने इजा केली ती प्रतिवादीच्या ताब्यात असली पाहिजे, आणि नीट काळजी घेतली असती तर असा अपघात सहसा होत नाही असा तो अपघात असला पाहिजे. दोन्ही अटी जुळल्या की प्रतिवादीने खुलासा द्यावा.

गोंदियाच्या राइस मिलवाल्यांना हे समजावून सांगायला लिव्हरपूल लागत नाही. मिलच्या माडीवरून धानाचं पोतं रस्त्याने जाणाऱ्याच्या अंगावर पडलं, तर ‘ते मला कसं ठाऊक’ हे मिलवाल्याने म्हणण्यात अर्थ नाही. पोतं त्याचं, माडी त्याची, हमाल त्याचे. कार्डाच्या मागे हेच लिहावं:

*रेस इप्सा लोक्विटर. घटनाच बोलते. उदाहरण: राइस मिलच्या माडीवरून धानाचं पोतं रस्त्यावरच्या माणसावर पडलं, ते कसं सुटलं हे मिलवाल्याने सांगायचं.*

आता सावनेरच्या झाडाकडे परत जाऊ. सर्वोच्च न्यायालयाने निकालात जागेचं वर्णन बारकाईने केलं आहे आणि त्याच्यावरच निकाल उभा आहे. रस्ता पंधरा फूट रुंद आणि सरळ. दोन्ही बाजूंना शेतं, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली. गाडी आदळली ते झाड रस्त्याच्या उजव्या बाजूला, पक्क्या कडेपासून चार फूट अंतरावर. धडक एवढी की झाड जमिनीपासून सुमारे नऊ इंचांवर उपटलं गेलं, इंजिन आपल्या जागेवरून फूटभर मागे सरकलं आणि स्टिअरिंगसकट ड्रायव्हरच्या बाजूला आत गेलं.

यातली प्रत्येक ओळ युक्तिवाद आहे. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते. मग ती उजव्या कडेच्या झाडापर्यंत गेली कशी? वळण नव्हतं की गाडी निसटावी. इंजिन एवढं मागे सरकतं ते वेग असल्याशिवाय नाही. गाडी पूर्णपणे मॅनेजरच्या हातात होती आणि सरळ रस्त्यावर चाललेली गाडी काळजी घेतली तर दुसऱ्या बाजूच्या झाडावर जात नाही. अर्ल यांच्या दोन्ही अटी जुळतात. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती कैलासम यांनी नियम मान्यच केला: भार एरवी फिर्यादीवर असतो. पण कित्येकदा अपघात झाला हे फिर्यादीला दाखवता येतं आणि तो कसा झाला हे फक्त समोरच्यालाच ठाऊक असतं. अशा वेळी फिर्यादीवर होणारा अन्याय टाळण्यासाठी हे तत्त्व आहे. पुष्पाबाईंनी झाड, रस्ता आणि इंजिन दाखवलं. ‘ब्रेक निकामी झाला होता’, ‘समोर गुरं आली’, असं काही खुलासा करणारं असेल तर ते कंपनीने समोर आणायचं होतं. तसं काही सिद्ध झालं नाही. निष्काळजीपणा मान्य झाला.

गंमत अशी की जाणणारा एकमेव माणूस, मॅनेजर, मेला होता. तो असता तर कदाचित त्याने काहीतरी सांगितलंही असतं. त्याच्या मरणाने कंपनीचं तोंड बंद झालं आणि तरीही भार कंपनीवरच राहिला. मला हा निकाल योग्य वाटतो. दोघांपैकी कुणालातरी अज्ञानाचा फटका बसणारच होता, तो ज्याची गाडी त्याला बसला.

यात एक मर्यादा आहे आणि ती कार्डावर मागे लाल शाईने लिहावी. हे वचन प्रतिवादीला दोषी ठरवत नाही, त्याला बोलायला लावतं. त्याने पटणारा खुलासा दिला की भार परत फिर्यादीकडे. आणि फौजदारी खटल्यात तर ते जपूनच वापरायचं. 1979 मध्ये ‘सय्यद अकबर विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात रस्ता ओलांडणारं लेकरू बसखाली गेलं होतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ड्रायव्हरला सोडलं आणि सांगितलं की गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध करण्याचा सरकारी पक्षाचा भार या वचनाने हलत नाही. निष्काळजीपणे मृत्यूच्या गुन्ह्याच्या प्रश्नात ‘घटनाच बोलते, म्हणून शिक्षा’ असं लिहिणारे विद्यार्थी इथे गुण घालवतात.

चौथा अडसर सगळ्यांत अवघड होता आणि खरा झगडा त्याच्यावरच झाला. निष्काळजीपणा मॅनेजरचा. मॅनेजर मेला. पैसे कुणी द्यायचे? न्यायाधिकरणाने कंपनीला जबाबदार धरलं आणि 31 हजार 209 रुपये 95 पैसे मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यांच्या मते उदेशींना गाडीत घेऊन जाणं हे मॅनेजरच्या नोकरीच्या कामात बसत नव्हतं.

*क्वी फॅसिट पर अलियम फॅसिट पर से. जो दुसऱ्याकडून करवतो, तो स्वतःच करतो. उदाहरण: मालकाने माल पोचवायला पाठवलेल्या ड्रायव्हरने वाटेत माणूस उडवला तर भरपाई मालकाने द्यायची, ड्रायव्हरने रात्री चोरून गाडी काढून नेली असेल तर गोष्ट वेगळी.*

वचन सोपं, ‘नोकरीच्या ओघात’ हा त्याचा खरा मजकूर. 1966 मध्ये अहमदाबादच्या एका टॅक्सीच्या खटल्यात (सीताराम मोतीलाल कलाल) सर्वोच्च न्यायालयाने मालकाला सोडलं होतं, कारण ड्रायव्हरने टॅक्सी क्लीनरच्या हातात लायसनच्या परीक्षेसाठी दिली होती आणि तेव्हाच अपघात झाला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा होता. हिदायतुल्ला आधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. विदर्भातल्या वकिलांना ते घरचेच.

मग पुष्पाबाईंच्या बाजूने काय वेगळं? मॅनेजर हा साधा ड्रायव्हर नव्हता. तो कंपनीच्या कामाला कंपनीची गाडी घेऊन चालला होता आणि गाडीत कुणाला घ्यायचं हे ठरवण्याचा दिसता अधिकार मॅनेजरला असतोच. न्यायालयाने इंग्लंडमधला ‘यंग विरुद्ध एडवर्ड बॉक्स’ हा 1951 चा खटला पुढे ठेवला. त्यात फोरमनने कामगाराला कंपनीच्या लॉरीत बसू दिलं होतं, आणि न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले होते की बसणाऱ्याला आत घेणं हे कामाच्या ओघातलंच. इथेही तसंच: गाडी चालवणं कंपनीच्या कामासाठी, मग सोबत कोण बसलं होतं त्याने कंपनी सुटत नाही. उच्च न्यायालयाचा निकाल उलटला आणि न्यायाधिकरणाचा निवाडा पुन्हा उभा राहिला.

विमा कंपनी मात्र हलकीच सुटली. तेव्हाच्या कायद्याने भाडं न देता बसलेल्या प्रवाशाचा विमा काढणं मालकावर बंधनकारक नव्हतं. या पॉलिसीत ते घेतलेलं होतं, पण 15 हजारांच्या मर्यादेपर्यंत. वरचे पैसे कंपनीने द्यायचे. नुसती वचनं पाठ केली तर हा आकडा दिसत नाही, आणि वारसांच्या हातात खरोखर काय पडतं ते त्याच्यावर ठरतं.

पाचवं कार्ड कंपनीने चालवलं नाही. विद्यार्थी मात्र हमखास चालवतो, म्हणून लिहितो:

*व्होलेंटी नॉन फिट इंजुरिया. संमतीने पत्करलेल्या धोक्याबद्दल दाद नाही. उदाहरण: कबड्डीच्या मैदानात नियमांत पकड होताना हात मोडला तर पकडणाऱ्यावर दावा नाही.*

मोटारीत बसलेल्याला अपघात होऊ शकतो हे ठाऊक असतं, म्हणून त्याने धोका पत्करला, असा युक्तिवाद करू नये. प्रवास पत्करणं वेगळं आणि चालकाची हयगय पत्करणं वेगळं. उदेशी मोटारीत बसले. उजव्या बाजूच्या झाडावर जायला त्यांनी संमती दिली नव्हती.

निकाल आला तेव्हा आणीबाणी उठून काही दिवसच झाले होते आणि वर्तमानपत्रांना दिल्लीच्या सत्तांतराशिवाय दुसरं सुचत नव्हतं. सावनेरच्या झाडाची बातमी कुठल्या पानावर आली असेल तर आतल्याच. पण पाच वर्षांनी, 1982 मध्ये, मोटार वाहन कायद्यात नवं कलम आलं: चूक कुणाची हे न बघता मृत्यूला 15 हजार रुपये द्यायचे. मिनू मेहताच्या निकालाने जो दरवाजा बंद केला होता, तो संसदेने थोडा उघडला. म्हणून आज अपघाताच्या प्रश्नात आधी बघायचं की दावा चूक दाखवून आहे की चुकीशिवाय; रेस इप्सा लोक्विटर पहिल्या वाटेवरच उपयोगी.

जुन्या नोट्सवरून कार्डं करणाऱ्यांना एकच सूचना. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. भार कुणावर हे सांगणारं जुनं कलम 101 आता 104 आहे. फक्त एकालाच ठाऊक असलेली गोष्ट त्यानेच सिद्ध करायची हे सांगणारं 106 आता 109 झालं. आणि निष्काळजीपणे मृत्यूचं भारतीय दंड संहितेतलं 304-अ आता न्याय संहितेचं 106 आहे. 106 हा आकडा दोन कायद्यांत दोन अर्थांनी फिरतो आहे, म्हणून कार्डावर कलमाच्या आधी कायद्याचं नाव लिहा. आणि उदेशी खटल्याचा संदर्भ लिहायचा तर ऑल इंडिया रिपोर्टर, 1977, सर्वोच्च न्यायालय, पान 1735.